गिळलं, पण मेलं का?

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखालचं चित्रण. करड्या पार्श्वभूमीवर एक मोठी, बेढब पेशी. तिच्या कडा सतत हलताहेत.]

ही मॅक्रोफेज. आपल्या फुफ्फुसांत हवेच्या शेवटच्या टोकाला जे वायुकोश असतात, त्यांच्या आतल्या भिंतीवर ती फिरत असते. श्वासाबरोबर आत आलेली धूळ, परागकण, मेलेल्या पेशींचे तुकडे, जंतू, जे सापडेल ते ती गिळते. जंतू गिळला गेला म्हणजे संपला, असं आपण शाळेत शिकलो. या गोष्टीत मात्र गिळणं हा सर्वांत सोपा भाग आहे. खरी झुंज त्यानंतर, पेशीच्या पोटात होते.

[दृश्य: एक दंडाकार जीवाणू पेशीच्या कडेला टेकतो. चित्रण मंद होतं.]

आत्ता तिच्या कडेला टेकलेला जीवाणू साधारण दोन मायक्रोमीटर लांब आहे. मॅक्रोफेज त्याच्या दहापट रुंद. नुसतं टेकणं पुरेसं नसतं, तो ओळखू यावा लागतो. त्याच्या अंगावर प्रतिपिंडं चिकटलेली असतील तर काम सोपं होतं, कारण या पेशीच्या पृष्ठभागावर प्रतिपिंडाचं शेपूट पकडणारी ग्राहक प्रथिनं असतात. एक पकड बसली की तिथल्या पटलाखाली अ‍ॅक्टिनचे तंतू भराभर विणले जातात आणि पटल पुढे ढकललं जातं. मग शेजारची पकड बसते, मग तिच्या शेजारची. दप्तराची चेन लावताना दात एकामागून एक अडकत जातात, तसं पटल जंतूला घासून पुढे सरकतं.

हे खरंच असं होतं का, याची न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात १९७० च्या दशकात फार छान परीक्षा झाली. संशोधकांनी जंतूऐवजी लिम्फोसाइट नावाच्या गोल पेशी घेतल्या. काहींच्या सबंध अंगावर प्रतिपिंडं होती, काहींच्या मात्र ती एकाच टोकाला टोपीसारखी गोळा केलेली. पहिल्या प्रकारच्या पेशी मॅक्रोफेजने गिळल्या. दुसऱ्या प्रकारच्या पेशींना तिने त्या टोपीपाशी घट्ट धरलं, पण गिळलं नाही. पटल टोपीच्या काठापर्यंत आलं आणि तिथेच थांबलं. म्हणजे ‘गिळ’ असा एकच हुकूम पेशीला मिळत नाही. इंच इंच पुढे जाताना प्रत्येक ठिकाणी नवी पकड मिळावी लागते.

[दृश्य: पटलाची दोन टोकं जंतूच्या मागे भेटतात. एक पिशवी तुटून आत जाते.]

काही मिनिटांत पटलाची टोकं जुळतात आणि जंतू एका पिशवीत बंद होतो. या पिशवीला फॅगोसोम म्हणतात. इथे एक क्षण थांबू. ही पिशवी पेशीच्या बाहेरच्याच पटलाची बनली आहे आणि तिच्या आत बाहेरचाच द्रव आहे, सामू सातच्या वर, जंतूला अगदी मानवणारा. या घडीला जंतू कोंडला गेलाय, बाकी त्याला काहीही झालेलं नाही.

पिशवीचं मारक कोठडीत रूपांतर व्हायला तिच्या पटलावरची प्रथिनं बदलावी लागतात. सुरुवातीला तिच्यावर रॅब-५ नावाचं प्रथिन बसतं. त्याच्यामुळे पटलावर पीआय-३-पी हा एक खास मेद तयार होतो आणि पुढची सगळी मंडळी त्या मेदाची खूण पाहून येतात. थोड्या वेळाने रॅब-५ जातं आणि त्याच्या जागी रॅब-७ येतं. आता पिशवीला वाहून नेणारी प्रथिनं जोडली जातात आणि ती पेशीच्या सूक्ष्मनलिकांवरून केंद्रकाच्या दिशेने ओढली जाते. लायसोझोमांची दाटी तिथेच असते. शालेय पुस्तकांतल्या लयकारिका त्या याच.

[दृश्य: पिशवीभोवती लहान, गडद ठिपके. एखादा चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो.]

आकृत्यांमध्ये लायसोझोम आणि फॅगोसोम साबणाच्या फुग्यांसारखे एकमेकांत विरघळून एक झालेले दाखवतात. प्रत्यक्षात बऱ्याचदा ते क्षणभर जोडले जातात, थोडा माल आत सोडतात आणि वेगळे होतात. असं पुन्हा पुन्हा घडतं. या मालात दोन गोष्टी महत्त्वाच्या. एक म्हणजे प्रथिनं, मेद, साखरेच्या साखळ्या तोडणारी विकरं. दुसरी म्हणजे पटलात बसणारा प्रोटॉनचा पंप. हा पंप एटीपी जाळून हायड्रोजनचे आयन आत ढकलतो, आणि अर्ध्या ते एक तासात पिशवीतला सामू पाचच्या आसपास उतरतो. विकरांपैकी बरीच याच आम्लात नीट चालतात. पंप नसेल तर विकरं आत पोचूनही बहुतेक निरुपयोगीच.

आत आम्ल होतं हे कळलं कसं? ज्याने पेशीभक्षणाची कल्पना मांडली त्या इल्या मेचनिकॉव्हनेच एकोणिसाव्या शतकात अशा पेशींना निळ्या लिटमसचे कण खाऊ घातले. पेशीच्या आत ते लाल झाले. शाळेच्या प्रयोगशाळेतलाच लिटमस! आज त्याऐवजी जंतूला फ्लुओरेसिनसारखा चमकणारा रंग जोडतात. आम्ल वाढेल तशी त्याची चमक बदलते आणि सामू आकड्यांत मोजता येतो. विचार मात्र तोच.

आम्लाच्या जोडीला आणखी एक हत्यार आहे. पिशवीच्या पटलावर एनएडीपीएच ऑक्सिडेज नावाचं विकर पाच-सहा तुकड्यांतून जुळतं. ते पेशीतले इलेक्ट्रॉन पटलापलीकडे ऑक्सिजनला देतं. त्यातून सुपरऑक्साइड, पुढे हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, जंतूच्या प्रथिनांना आणि डीएनएला जाळणारं. साधा ई. कोलाय या सगळ्यात सहसा तगत नाही. त्याचे तुकडे होतात आणि काही तुकडे ही पेशी आपल्या पृष्ठभागावर मांडून टी-पेशींना दाखवते.

[दृश्य: चित्र बदलतं. बारीक, किंचित वाकडे दंड. क्षयाचे जंतू.]

आता दुसरा जंतू. क्षयाचा.

खोकल्यातून उडालेल्या अगदी बारीक थेंबातून तो वायुकोशापर्यंत पोचतो. मॅक्रोफेज त्यालाही गिळते. त्याची त्याला अडचण नसते, कारण त्याला याच पेशीत राहायचं असतं.

लंडनच्या मिल हिल इथल्या संशोधनसंस्थेत जे. ए. आर्मस्ट्राँग आणि फिलिप डार्सी हार्ट या दोघांनी १९७१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी उंदराच्या मॅक्रोफेजना आधी फेरिटिन खाऊ घातलं. फेरिटिन म्हणजे लोह साठवणारं प्रथिन. लोहामुळे ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात काळ्या ठिपक्यांसारखं दिसतं. पेशींनी ते गिळलं आणि ते लायसोझोममध्ये जाऊन साठलं. अशा खुणा केलेल्या पेशींना मग क्षयाचे जंतू दिले. आता जंतूच्या पिशवीत काळे ठिपके दिसले तर लायसोझोम तिथे येऊन गेला, आणि नाही दिसले तर आलाच नाही.

[दृश्य: कृष्णधवल इलेक्ट्रॉन चित्र. जंतूभोवतीची पिशवी रिकामी, स्वच्छ. शेजारच्या पिशवीत मोडका जंतू आणि भोवती काळे ठिपके.]

ज्या पिशव्यांत जंतू आतून मोडकळीला आलेला होता, त्यांत ठिपके भरपूर. धडधाकट जंतूंच्या बहुतेक पिशव्या मात्र कोऱ्या. लायसोझोम काही अंतरावरच होते, तरी जोडणी झालेली नव्हती. जिवंत जंतू ती होऊ देत नव्हता.

कसं, याचे धागे पुढच्या काही दशकांत हाती आले. जंतूच्या पिशवीवर रॅब-५ असतं, पण रॅब-७ नीट बसत नाही. पिशवी बालपणातच अडकते. जंतू एक विकर सोडतो आणि ते पीआय-३-पी ची खूणच पुसून टाकतं. त्याचं आणखी एक विकर प्रोटॉनच्या पंपालाच चिकटतं आणि त्याला पिशवीपर्यंत येऊ देत नाही. परिणामी आतला सामू ६.३ च्या आसपास रेंगाळतो. जंतू तिथे आरामात वाढतो, अर्थात त्याच्या गतीने. ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो, याला वीस तास लागतात.

इथे गोष्ट संपली असती तर सोपं झालं असतं. जोडणी घडवून आणली की जंतू मेला! हार्ट आणि आर्मस्ट्राँग यांनाही तसंच वाटलं असणार, कारण त्यांनी नेमकं तेच करून पाहिलं. जंतूंवर आधी प्रतिपिंडं चढवली आणि मग ते मॅक्रोफेजना दिले. आता लायसोझोम येऊन जोडले गेले. काळे ठिपके पिशवीत उतरले. आणि जंतू? वाढतच राहिले. १९७५ सालचा हा निष्कर्ष मला पहिल्यापेक्षा मोलाचा वाटतो, कारण पाठ्यपुस्तकं पहिला सांगून थांबतात. क्षयाचा जंतू लायसोझोमला टाळतो हे खरं, पण गाठ पडलीच तरी तो सहज मरत नाही.

त्याचं मेणचट कवच बरंच काही सोसतं. शिवाय बाहेर आम्ल असतानाही तो स्वतःच्या आतला सामू सांभाळतो. २००८ साली न्यूयॉर्कच्या वेल कॉर्नेलमधल्या गटाने दाखवलं की जंतूचं एक ठराविक जीन बिघडवलं की त्याला हे जमत नाही, आणि मग चेतवलेल्या मॅक्रोफेजमध्ये तो मरू लागतो.

चेतवलेली हा शब्द महत्त्वाचा. टी-पेशींकडून इंटरफेरॉन-गॅमा हा संदेश मिळाल्यावर या पेशीचा कारभार बदलतो. तीच पिशवी आता जास्त आम्लधर्मी होते, आणि इतर मारकं जास्त प्रमाणात बनतात. क्षयाचे जंतू शरीरात असूनही बहुतेकांना आजार होत नाही, त्यात या संदेशाचा मोठा वाटा आहे.

[दृश्य: नवजात बाळाच्या डाव्या दंडावर बीसीजीची लस.]

आणि हत्यारांपैकी एखादं जन्मतःच नसेल तर? बीसीजी लशीत क्षयाच्या जंतूचा जिवंत पण दुबळा भाऊबंद असतो. आपल्याकडे ती बाळाला जन्मतः देतात आणि जवळजवळ सगळ्या बाळांच्या मॅक्रोफेज त्याला आवरतात. काही मोजक्या मुलांत ऑक्सिडेज काम करत नाही. त्यांना स्टॅफिलोकोकस, बुरशी यांचे गंभीर संसर्ग पुन्हा पुन्हा होतात, आणि बीसीजीचा जंतूही फैलावू शकतो. याची तपासणी रक्तातल्या न्यूट्रोफिलवर होते. पेशीला एक रंगद्रव्य देऊन तिला चेतवतात. ऑक्सिडेज चालू असेल तर पेशी चमकते.

२०११ साली मात्र दोन कुटुंबांची हकिकत प्रसिद्ध झाली. त्यांतल्या काही पुरुषांना बीसीजीच्या किंवा क्षयाच्या जंतूने गाठलं होतं, बाकी कुठल्या जंतूचा त्रास नाही. न्यूट्रोफिल तपासले, चमकले. मोनोसाइट तपासले, तेही ठीक. मग त्याच मोनोसाइटना काही दिवस वाढवून त्यांच्या मॅक्रोफेज केल्या आणि तपासलं. तिथे ऑक्सिडेज जवळपास गप्प होतं. जीनमधला बदल असा होता की विकराचा तो तुकडा इतर भक्षक पेशींत बनत होता, मॅक्रोफेजमध्ये मात्र पुरेसा बनत नव्हता. नेहमीच्या रक्ततपासणीत हा दोष कधीच सापडला नसता, कारण पूर्ण वाढलेली मॅक्रोफेज रक्तात फिरत नाही.