उतरताना कळतं

नमस्कार श्रोतेहो. नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात जिममध्ये पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीत मीही होतो, आणि तो आठवडा संपायच्या आत मी बाहेरही पडलो. वर्षभराचे पैसे आधीच भरून झाले होते. जिमवाले पैसे वर्षाचे का घेतात, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं.

पण आज बोलायचंय ते पायऱ्यांविषयी.

झालं असं. ट्रेनर म्हणजे विशीतला, उत्साहाने फसफसणारा पोरगा. तो म्हणाला, "सर, आज लेग्ज." लेग्ज म्हणजे स्क्वॉट, बारा-बाराचे तीन सेट. मग लंजेस, म्हणजे एक पाय पुढे टाकून गुडघ्यात वाकायचं. प्रत्येक सेट संपत आला की हा म्हणायचा, "फक्त दोन अजून." त्याच्या 'दोन'मध्ये किती मावतात, ते शोधायला गणितज्ञ हवा. समोर भिंतभर आरसा. जिममध्ये एवढे आरसे कशाला लावतात, हे मला आजवर उमगलेलं नाही. स्वतःचा पडलेला चेहरा बघून कुणाला जोर येतो?

घरी आलो तो ऐटीत. काही दुखत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मांड्या जरा जड वाटल्या. म्हटलं, एवढंच ना!

तिसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला निघालो, तर लिफ्ट बंद. पहिल्या पायरीवर पाय टाकला आणि मांडीतून अशी कळ आली की तोंडातून "आई गं" निघालं आणि मी कठडा दोन्ही हातांनी धरला. चढायला सांगितलं असतं तर चढलो असतो. उतरणं मात्र अशक्य. शेवटी वळलो, जिन्याकडे तोंड केलं आणि उलटा उतरायला लागलो. खरंच सांगतो, उलटं उतरताना कमी दुखत होतं.

एक मजला उतरलो असेन, तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे काका बाहेर आले. वय पंचाहत्तरच्या पुढे, हातात काठी. मला पाठमोरा येताना बघून थबकले.

"पडलात का कुठे?"

"नाही काका. व्यायाम केला."

काका क्षणभर विचारात पडले. "कुणी करायला लावला?"

मी म्हटलं, "माझा मीच."

त्यांनी काठी डाव्या हातात घेतली, उजवा हात माझ्यापुढे केला आणि म्हणाले, "धरा. सावकाश." असे आम्ही दोघं खाली आलो, काका सरळ आणि मी उलटा. खालचा वॉचमन उठून उभा राहिला. त्याला वाटलं, मी काकांना उतरवतोय. काकांनी लगेच खुलासा केला, तोही मोठ्याने.

आता हे उतरतानाच का दुखतं? चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत काम करतो. उतरताना तोच स्नायू अंगाचा भार पेलत लांब होत जातो. स्क्वॉटमध्ये खाली बसतानाही तेच. लांब होता होता भार पेलला की स्नायूच्या धाग्यांना बारीक इजा होते, मग सूज येते, आणि दुखणं लगेच येत नाही. पुन्हा सांगतो, लगेच येत नाही. ते चोवीस ते बहात्तर तासांत टोक गाठतं. म्हणून पहिल्या दिवशी आपण शूर असतो. लोक लॅक्टिक अ‍ॅसिडला दोष देतात, पण ते तासा-दोन तासांत रक्तातून निघून जातं. तिसऱ्या दिवशीच्या कळेशी त्याचा संबंध नाही.

आणि यातली खरी मेख अशी की तोच व्यायाम आठवडाभराने पुन्हा केला तर दुखणं बरंच कमी होतं. स्नायू तेवढ्यात सावरतो आणि पुढच्या खेपेला तयार असतो. हा परिणाम काही आठवडे टिकतो. म्हणजे माझ्यासारखी माणसं सोडतात कधी, तर सगळ्यात वाईट दुखणं भोगून झाल्यावर! तिकीट काढून, रांगेत उभं राहून, पडदा उघडायच्या आत घरी परत.

ज्यांना नव्याने सुरू करायचंय त्यांनी पहिल्या दिवशी वजन न घेता एकच सेट करावा, आणि त्याच स्नायूला पुन्हा राबवण्याआधी दोन दिवस जाऊ द्यावेत. दुखत असताना हळूहळू चाललं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं. पण लघवी गडद तपकिरी झाली, स्नायू टणक सुजला, किंवा दुखणं स्नायूत नसून सांध्यात असलं, तर थांबायचं आणि लगेच डॉक्टरांकडे जायचं. लघवीचा रंग बदलला तर वाट बघत बसू नका.

परवा ट्रेनरचा फोन आला. "सर, कधी येताय? लेग्ज राहिलेत." मी म्हटलं, "राहिलेत कुठले, आहेत तेवढे अजून चालतायत." तो हसला. मग म्हणाला, "या तर खरं. फक्त दोन मारू."