आत्यानं काय पाहिलं आणि काय ऐकलं

(दृश्य: लकडी पूल, आत्ताचा, दुपारची वेळ, ट्रॅफिक चालू आहे)

१२ जुलै १९६१. पुण्यात कुणालाही विचारा, त्या दिवशी काय झालं, तर उत्तर एकच येतं, पानशेत फुटलं. माझी मोठी आत्याही तेच म्हणते. ती तेव्हा तेरा वर्षांची होती, नारायण पेठेत नदीच्या अंगाला असलेल्या एका वाड्यात राहायची. मी कॅमेरा लावून तिला पहिलाच प्रश्न विचारला की तुला कळलं कधी, आणि ती म्हणाली, "अरे पानशेत फुटलं ना सकाळी, मग पाणी आलं."

आता हे वाक्य खरंच आहे. पण आत्यानं पानशेत फुटताना पाहिलेलं नाही. पेठेतल्या कुणीच पाहिलेलं नाही, कारण धरण शहरापासून कितीतरी लांब, तिकडे आंबी नदीवर. मातीचं धरण, काम अजून पूर्ण झालेलं नव्हतं आणि त्याच पावसाळ्यात पाणी साठवलेलं. आदल्या रात्री तिथे जे होते, म्हणजे इंजिनियर, मजूर आणि वाळूची पोती रचणारे जवान, त्यांना धरण खचताना दिसलं. शहराला दिसलं ते फक्त पाणी. धरण फुटल्याची बातमी शहरात आली ती एकानं दुसऱ्याला सांगत, आणि नंतर ती प्रत्येकाच्या स्वतःच्या आठवणीत अशी काही मिसळून गेली की आता ती वेगळी काढायची तर एकेक वाक्य थांबवून विचारावं लागतं.

तर मी तेच केलं. आत्याला म्हटलं, तू आता सांग, पण प्रत्येक गोष्टीला सांग की हे तू बघितलंस का कुणी सांगितलं, आणि सांगितलं तर कुणी आणि कधी. सुरुवातीला ती वैतागली. म्हणाली, मी काय खोटं बोलतेय का. मी म्हटलं नाही गं, खोट्याचा प्रश्नच नाही, तू जे ऐकलंस ते पण मला हवंय, फक्त ते तुझ्या डोळ्यांनी पाहिलेलं म्हणून लोकांपुढे जायला नको.

(दृश्य: आत्या, खिडकीजवळ बसलेली. खाली पट्टी: "स्वतः पाहिलेलं")

मग हे निघालं. पाणी आधी समोरून आलंच नाही, ते मोरीतून आलं. मोरीच्या भोकातून काळसर पाणी वर ढवळून येत होतं, वास येत होता, आणि आई ते फडक्यानं दाबून धरत होती. मग अंगणात. मग जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर आल्यावर बाबांनी सगळ्यांना बाहेर काढलं आणि सदाशिव पेठेत मामांकडे नेलं. त्यानंतर पेठेत काय झालं, वाडा कधी पडला, ते तिनं पाहिलेलं नाही. ती तिथे नव्हतीच. हे तिनं स्वतःहून सांगितलं, आणि मला तर तो अख्ख्या मुलाखतीतला सगळ्यात भरवशाचा भाग वाटतो, कारण प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाला आपली नजर कुठे संपली ते माहीत असतं. ऐकलेली गोष्ट सांगणाऱ्याला मात्र सगळंच दिसत असतं, धरणही आणि शहरही, सकाळही आणि संध्याकाळही.

(पट्टी बदलते: "ऐकीव")

आता ही दुसरी गोष्ट. आत्या सांगते की लकडी पुलाजवळ एक गवती छप्पर वाहत आलं आणि त्यावर एक माणूस बसलेला होता, हात हलवत होता. सांगताना तिचा स्वतःचा हात वर जातो. बघणाऱ्याला वाटणारच की ही तिथे उभी होती. मी विचारलं, तू होतीस पुलावर? नव्हती. तिच्या चुलतभावानं सांगितलं, त्याच आठवड्यात, मामांच्या घरी. मग मी विचारलं, त्यानं स्वतः पाहिलं का? यावर आत्या जरा थांबली आणि म्हणाली, तो आणि त्याचा मित्र गेले होते बघायला, पण पोलीस सोडत नव्हते, म्हणजे बहुतेक मित्रानं पाहिलं.

म्हणजे मित्रानं भावाला सांगितलं, भावानं आत्याला, आत्यानं मला आणि मी तुम्हाला. भाऊ आता नाही, मित्राचं नावही तिला आठवत नाही. शेजारच्या वाड्यातल्या आणखी एका काकूंनीही मला हीच गोष्ट सांगितली तेव्हा मला क्षणभर बरं वाटलं, चला दुसरा साक्षीदार मिळाला, पण त्यांना विचारलं तर त्यांनीही त्याच चुलतभावाकडून ऐकलेलं. दोन तोंडं, पण उगम एकच. त्यामुळे मी ही गोष्ट ठेवलीये, पण "एक माणूस छपरावर वाहत आला" असं निवेदनात म्हणत नाहीये, तर "आत्याच्या चुलतभावानं तिला सांगितलं, आणि त्याला बहुधा त्याच्या मित्रानं" असं म्हणतोय. वाक्य लांबतं, लांबू दे.

आणि त्यावर चित्र कुठलंही लावलेलं नाही. हे मुद्दाम. जुन्या पुराचा एखादा फोटो, पाण्यात बुडालेला पूल, असं काही त्या वाक्याखाली टाकलं असतं तर पट्टीवर मी "ऐकीव" असं कितीही मोठ्या अक्षरात लिहिलं असतं तरी बघणाऱ्याच्या डोक्यात ती गोष्ट पक्की झाली असती, डोळ्यांनी पाहिल्यासारखी. म्हणून तिथे फक्त आत्याचा चेहरा आहे.

एक आकडाही ती सांगते, किती माणसं गेली त्याचा. तो मी काढून टाकलाय. तिला तो कुणी सांगितला, कधी सांगितला, काहीच आठवत नाही, आणि मेलेल्या माणसांचा आकडा असा हवेतून उचलून बोलायची माझी हिंमत नाही.

मग कागद काय सांगतात? पानशेत सकाळी सात-सव्वासातच्या सुमारास फुटलं. ते पाणी खडकवासल्याच्या जुन्या दगडी धरणावर गेलं, वरून वाहू लागलं, आणि दुपारी ते धरणही फुटलं. आत्याच्या गोष्टीत खडकवासला येतच नाही. पण तिचा क्रम यात नीट बसतो, आधी मोरीतून हळूहळू चढणारं पाणी, माणसांना बाहेर काढायला पुरेल एवढा वेळ, आणि मग मागून आलेला मोठा लोंढा, जो तिनं पाहिला नाही. तिनं पाहिलेलं आणि कागदावरचं जुळतं, आणि ते जुळतं हे मी कागद बघितल्यावर म्हणतोय, तिच्या वतीनं नाही.

(दृश्य: पर्वतीच्या पायऱ्या)

दुसऱ्या दिवशीचं तेवढं राहिलं. १३ तारखेला, आत्या सांगते, रस्त्यावरून एकदम लोक पळत सुटले, "पाणी आलं, पाणी आलं" करत. हे पळणं तिनं पाहिलं, ती स्वतः पळाली, मामीच्या कडेवर लहान भाऊ होता, आणि ही सगळी पर्वतीवर जाऊन बसली. कशामुळे? दुसरं धरण फुटलं म्हणे. कुणी सांगितलं, तर समोरून पळत येणाऱ्यांनी. त्यांना कुणी सांगितलं, ते विचारायला तेव्हा कोण थांबणार होतं. वरून ती नदीकडे बघत बसली होती. पाणी वाढलं नाही. अंधार पडायच्या आत मामा त्यांना घरी घेऊन आले.

या भागाला दोन पट्ट्या आहेत. पळाली, बसली, पाणी वाढलं नाही, यावर "स्वतः पाहिलेलं". दुसरं धरण, यावर "ऐकीव, आणि खोटं निघालेलं".