वर्णनात्मक नोंदी आणि मुलाचं घर

शिक्षक मंडळी, 2010 साली आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं तेव्हापासून तुम्ही सगळे वर्णनात्मक नोंदी लिहिताय. विशेष प्रगती, आवड-छंद, सुधारणा आवश्यक. व्याख्यानाच्या विषयाकडे मी याच वहीतून जाणार आहे, कारण छुपा अभ्यासक्रम, म्हणजे शाळा न सांगता जे शिकवते आणि मागते ते, इतकं स्पष्ट लिहून ठेवलेलं दुसरीकडे क्वचितच सापडेल.

एका नोंदीत असतं, ‘न घाबरता प्रश्न विचारतो, आपलं मत मांडतो.’ दुसऱ्या मुलीसमोर असतं, ‘वर्गात बोलत नाही, सहभाग वाढवावा.’ दोन्ही नोंदी प्रामाणिक आहेत, शिक्षकाने डोळ्यांनी पाहिलेल्याच आहेत. पण आपण नक्की काय नोंदवलं? पहिल्या मुलाच्या घरी जेवताना वडील विचारतात, ‘तुला काय वाटतं?’ डॉक्टरकडे गेल्यावर आई म्हणते, ‘काय होतंय ते तूच सांग.’ मोठ्यांशी बोलायचा त्याला रोजचा सराव आहे. दुसरीचे आईवडील मुकादमाच्या हाताखाली ऊस तोडतात. तिथे उलट प्रश्न केला तर काम जाऊ शकतं, आणि ती ते बघतच मोठी झाली आहे. गप्प राहणं हे तिच्या घराने कमावलेलं शहाणपण आहे. शाळेत आल्यावर तेच शहाणपण ‘सुधारणा आवश्यक’च्या रकान्यात जाऊन बसतं.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बूर्दिय याला सांस्कृतिक भांडवल म्हणतो. बोलण्याची ढब, पुस्तकांची सवय, कुणाशी कसं वागावं याची जाण, हे सारं घरातून अंगात मुरतं. 1970 साली जाँ-क्लोद पासरोंबरोबर लिहिताना त्याने दाखवलं की शाळा जे शिकवत नाही, तेच मुलांकडून मागते. ज्याने ते घरून आणलं तो ‘हुशार’ ठरतो, आणि वारशाने मिळालेली गोष्ट उपजत गुण म्हणून कागदावर चढते. अन्याय कुणी केलेला दिसत नाही, म्हणून तो टिकतो.

छुपा अभ्यासक्रम फक्त नोंदीत नसतो, शिकवण्यातही असतो. अमेरिकेत जीन अॅन्यन यांनी न्यू जर्सीतल्या पाच शाळांचे पाचवीचे वर्ग पाहिले आणि 1980 साली त्यावर लिहिलं. कामगार वस्तीतल्या एका शाळेत शिक्षिका मुलांकडून एक-एक इंचाच्या चौकटी आखून घेत होत्या. पट्टी इथे ठेवा, खूण करा, आता खाली सरकवा. हे कशासाठी चाललंय ते मुलांना सांगितलंच नव्हतं. एक मुलगी म्हणाली, माझ्याकडे याहून झटपट रीत आहे. उत्तर आलं, मी काय करतेय तेच तुला माहीत नाही, मी सांगते तसंच कर, नाहीतर चूक. बड्या कंपन्यांच्या अधिकाऱ्यांची मुलं शिकत होती त्या शाळेत मात्र फळ्यावर चर्चा करत मुलांकडूनच क्षेत्रफळाचं सूत्र काढून घेतलं, आणि मग विचारलं, परिमितीचं सूत्र कोण तयार करेल?

इयत्ता तीच, विषयही गणितच. एका वर्गात मुलं सांगितलेलं काम करायला शिकली, दुसऱ्या वर्गात नियम बनवायला. पाच शाळांवरून साऱ्या जगाचा निष्कर्ष काढू नये, आणि अॅन्यन यांनाही कामगारांच्या शाळांत मुलांचा विरोध दिसलाच होता. मुद्दाम संथ काम करणं, हा त्यातलाच प्रकार. तरी ती चौकट आखणारी मुलगी मला विसरता येत नाही. शाळेला हवी असलेली बुद्धी तिने दाखवली होती, आणि तिथेच तिला गप्प केलं.

आपल्या शाळेत हे चाललंय की नाही, ते ओळखता येतं. जनरल रजिस्टरमधला पालकांचा व्यवसाय आणि तुमच्या नोंदी शेजारी ठेवून वाचा. ‘आत्मविश्वास’, ‘नेतृत्व’, ‘टापटीप’ हे शब्द कुणापुढे गोळा झालेत आणि ‘सहभाग वाढवावा’ कुणापुढे, ते बघा. नंतर प्रकल्प उघडा. थर्माकोलचं घर, रंगीत प्रिंट, आईच्या वळणदार अक्षरातलं शीर्षक. आकारिक मूल्यमापनात याचेही गुण धरले जातात, म्हणजे काही गुण आपण पालकांच्या खिशाला देतो.

यावर मजुराच्या मुलीला ‘संस्कार’ शिकवणं हा उपाय मला मान्य नाही. त्यात तिचं घर पुन्हा एकदा कमी ठरतं. जे मागतो ते उघड शिकवावं. ‘समजलं का?’ असं विचारल्यावर ती मान डोलावणारच. त्याऐवजी प्रत्येकाने वहीत एक अडलेली पायरी लिहायची, असा वर्गाचा नियम करा, मग अडचण सांगायला धीटपणा लागत नाही. नोंदीत स्वभाव लिहू नका, घडलेलं लिहा: ‘भागाकारात बाकी का उरते ते जोडीदाराला समजावून सांगितलं.’ आणि प्रकल्प शाळेच्या कागदावर, शाळेच्या तासात, तुमच्या डोळ्यांसमोर होऊ द्या. घरून आणलेलं मॉडेल खुशाल मांडा, गुण मात्र वर्गात झालेल्या कामालाच द्या.