होडी, प्रवाह आणि उत्तराचा ताळा

नमस्कार श्रोतेहो. हाताशी कागद-पेन्सिल असेल तर जवळ घ्या, नसेल तरी चालेल. आज एकच गणित घेऊ आणि त्याचं उत्तर उत्तरपत्रिकेत उतरवण्याआधी कसं पारखायचं ते पाहू.

एक होडी प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने 24 किलोमीटर जाते आणि तेवढंच अंतर प्रवाहाबरोबर परत येते. सगळे मिळून 5 तास लागतात. प्रवाहाचा वेग ताशी 2 किलोमीटर. तर संथ पाण्यात होडीचा वेग किती?

समीकरण मांडण्याआधी अर्धा मिनिट थांबा. जाऊन-येऊन 48 किलोमीटर, वेळ 5 तास, म्हणजे सरासरी ताशी 9.6. आता प्रवाह येताना जेवढी मदत करतो तेवढाच जाताना अडवतो, मग हिशेब फिटला, असं वाटतं. तसं होत नाही. अडवलेल्या प्रवासात होडी जास्त वेळ असते, त्यामुळे सरासरी खाली ओढली जाते. म्हणून होडीचा स्वतःचा वेग 9.6 पेक्षा थोडा जास्तच असणार. हा आकडा कच्च्या कामाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. तो आधीच लिहायचा, कारण उत्तर एकदा डोळ्यांसमोर आलं की आपला अंदाज हळूच त्याच्याकडे सरकतो.

आता समीकरण. वेग व धरू. 24 भागिले कंसात व अधिक 2, त्यात 24 भागिले कंसात व उणे 2 मिळवले की 5. छेद काढले की डावीकडे येतं 48 व आणि उजवीकडे 5 गुणिले कंसात व वर्ग उणे 4. नेमकी इथेच दोन प्रकारांनी घसरगुंडी होते. एकाने पदं बाजू बदलून नेताना कंस सोडवून आलेल्या 20 चं चिन्ह चुकवलं, त्याचं उत्तर आलं जवळपास 9.16. दुसऱ्याने 5 ने कंसातल्या पहिल्याच पदाला गुणलं, 4 ला गुणायचं राहिलं. त्याचं उत्तर 9.68.

पहिला अंदाजातच सापडला, कारण 9.16 हे 9.6 च्या खाली आहे. दुसरा मात्र अंदाजाच्या चाळणीतून अलगद निसटला. त्याला पकडायला किंमत घालून पाहावी लागते. आणि कुठे घालायची, हा खरा प्रश्न आहे. बरेच जण ती आपल्या शेवटच्या, सुटसुटीत केलेल्या वर्गसमीकरणात घालतात. तिथे ती चपखल बसते! बसणारच, त्याच चुकलेल्या ओळीतून ती निघालीय. याला ताळा म्हणायला मी तयार नाही.

किंमत होडीत बसवा. वेग 9.68, म्हणजे प्रवाहाबरोबर ताशी 12 पेक्षा कमी. मग 24 किलोमीटरला 2 तासांहून जास्त लागणार. प्रवाहाविरुद्ध ताशी 8 पेक्षा कमी, म्हणजे 3 तासांहून जास्त. दोन्ही मिळून 5 च्या वर गेलेच, दशांशाचा भागाकार करायची गरजही पडली नाही. उत्तर चूक. आणि याच खटपटीत बरोबर उत्तरही समोर आलं: वेग 10 असेल तर येताना 12 ने 2 तास, जाताना 8 ने 3 तास, बरोबर 5.

गंमत पुढे आहे. गणित अचूक सोडवलं तरी वर्गसमीकरण दोन उत्तरं देतं: 10 आणि उणे 0.4. हे उणे 0.4 मूळ समीकरणात घालून बघा. 24 भागिले 1.6 म्हणजे 15. 24 भागिले उणे 2.4 म्हणजे उणे 10. बेरीज 5! समीकरण अगदी खूश. पण जाण्याचा वेळ उणे 10 तास कसा असेल? म्हणून शेवटचा ताळा समीकरणाशी नाही, प्रश्नाच्या वाक्यांशी घ्यायचा. समीकरण मांडतानाच चूक झाली असेल, तर तीही फक्त याच ताळ्यात सापडते.

समजा ताळा जुळला नाही आणि घड्याळ पुढे पळतंय. सगळं गणित पुन्हा करू नका. संशय असलेल्या ओळीत व च्या जागी 3 सारखा सोपा आकडा घाला. 5 गुणिले कंसात 9 उणे 4, म्हणजे 25. पुढच्या ओळीत 5 व वर्ग उणे 4 लिहिलं असेल तर 45 उणे 4, म्हणजे 41. कंस सोडवताना किंमत बदलायला नको होती, ती बदलली, म्हणजे चूक या दोन ओळींच्या मध्येच आहे. त्याच्या वरचं काम तसंच ठेवा, तिथून खालचं खोडा आणि पुढे सोडवा.