वाऱ्यात इअरबड का घरघरतात?

नमस्कार श्रोतेहो. कानात इअरबड, नॉइज कॅन्सलिंग चालू, आणि तुम्ही सायकलवर. खरं तर शांत वाटायला हवं, पण कानात नुसती घरघर. नॉइज कॅन्सलिंग बंद केलं की ती कमी होते! बिघाड वाटावा असा हा प्रकार, पण इअरबड बहुतेक वेळा ठणठणीत असतो.

इअरबडच्या बाहेरच्या अंगाला बारीकशी जाळी दिसते. तिच्यामागे माइक असतो. तो बाहेरचा आवाज टिपतो, आतली चिप त्याची नेमकी उलटी लहर बनवते आणि स्पीकर ती कानात सोडतो. मूळ लहर वर जाते तेव्हा ही खाली, म्हणून दोन्ही एकमेकींना खोडतात. इंजिनाची घुमघुम, पंख्याची घरघर अशा खर्जातल्या आवाजांवर हे छान चालतं, कारण त्यांच्या लहरी लांब असतात. १०० हर्ट्झची लहर जवळजवळ साडेतीन मीटरची, त्यामुळे वेळेत किंचित चूक झाली तरी चालून जातं. ३००० हर्ट्झची लहर जेमतेम ११ सेंटिमीटरची. तिथे तेवढीच चूक महागात पडते. म्हणून भांड्यांचा खणखणाट किंवा माणसांचं बोलणं अडवण्याचं बरंचसं काम कानात घट्ट बसलेलं रबरी टोकच करतं.

आता वारा. कार्यक्रमाआधी कोणी माइकवर फुंकर मारली की स्पीकरमधून जो घर्रर्र आवाज येतो, तो तुम्ही ऐकला असेल. वारा जाळीवर आपटतो, तिथे भोवरे उठतात आणि माइकचा पडदा हलतो. ही गडबड माइकच्या तोंडाशीच होते. टोकाने बंद झालेल्या कानात ती तेवढी पोचतच नाही. पण चिपला ते कसं कळणार? ती इमानदारीने उलटी लहर बनवते. खोडायला समोर काहीच नसल्यामुळे तीच आवाज होऊन ऐकू येते.

ट्रान्सपरन्सी मोडमध्ये तर विचारूच नका. तिथे बाहेरच्या माइकचा आवाज मुद्दामच कानात सोडलेला असतो, म्हणजे घरघर थेट आत.

काही इअरबडमध्ये वाऱ्याची ही घरघर कमी करायची सोय असते. ती काय करते? खरा आवाज जवळजवळच्या दोन माइकना सारखाच ऐकू येतो. वाऱ्याचे भोवरे मात्र प्रत्येकावर वेगळे. दोघांचं जुळत नाही असं दिसलं, की चिप बाहेरच्या माइकचं, विशेषतः खर्जातलं, ऐकणं कमी करते आणि इअरबडच्या कानाकडच्या बाजूला असलेल्या दुसऱ्या माइकवर भिस्त ठेवते. याची किंमतही आहे: रस्त्याची घुमघुम थोडी जास्त जाणवते. माझ्या मते हा सौदा चांगला आहे.

घरी पडताळून पाहा. टेबलफॅनसमोर उभं राहून गाणं थांबवा, हळूहळू मान वळवा आणि एकेक मोड बदला. एका ठराविक कोनात घरघर वाढली आणि मोड बंद करताच गेली, तर ती वाऱ्याचीच. पंख्यापासून दूर, बंद खोलीतही ती राहिली, तर मात्र जाळीत मळ अडकलाय का ते बघा.


आणि फोनवर समोरच्याला तुमच्याकडचा वारा ऐकू येतो, ते दुखणं वेगळं. तिथे तुमचा आवाज पाठवणाऱ्या माइकचा प्रश्न असतो, कानातला मोड बदलून तो सहसा सुटत नाही. वाऱ्याकडे पाठ करून बोला.