कलम गेले, धाक राहिला

डोळ्यांसमोर आणा तेरेखोलची खाडी. एका अंगाला सिंधुदुर्गातील वेंगुर्ले तालुका, दुसऱ्या अंगाला गोव्यातील पेडणे. तेरेखोलचा किल्ला उत्तर तीरावर असूनही गोव्याचा, ही इतिहासाची एक गंमतच. दोन्ही काठांवर माड आणि काजू तेच, दशावताराचे वेड तेच, आणि सोयरिकीही एकमेकांत जुळलेल्या. तरीही जवळजवळ शंभर वर्षे या खाडीच्या दोन अंगांना दोन वेगळे फौजदारी कायदे चालत होते. वेंगुर्ले तेव्हा मुंबई इलाख्याच्या रत्नागिरी जिल्ह्यात होते आणि तिथे १ जानेवारी १८६२ पासून भारतीय दंड संहिता लागू झाली. तिच्यातील कलम ३७७ ने ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ शरीरसंबंधाला जन्मठेपेपर्यंतची शिक्षा ठेवली होती. गोव्यात पोर्तुगीज दंडसंहिता होती आणि तिचा साचा निराळा होता. कलम ३७७ गोव्यात आले ते इंग्रजांबरोबर नव्हे, तर १९६१ च्या मुक्तीनंतर, स्वतंत्र भारताच्या कायद्यांबरोबर.

समलिंगी संबंधांविषयीची नापसंती इंग्रजी कायद्याने रुजवली, असे म्हटले जाते. ती केवळ त्या कायद्याने रुजवली असती, तर या दोन काठांच्या वागणुकीत आज ठळक फरक दिसायला हवा होता. तसा तो दिसत नाही. गोव्यात १५६० मध्ये स्थापन झालेल्या इन्क्विझिशन या धर्मन्यायालयाच्या अधिकारकक्षेत असे संबंधही येत होते, आणि विवाह हे घराण्याचे कर्तव्य मानणारी हिंदू कुटुंबव्यवस्था तर दोन्ही काठांवर कोणत्याही गोऱ्या सत्तेच्या आधीपासून होती. परकीय सत्ता येण्यापूर्वी इथे सारे मोकळे होते, हे चित्र ऐकायला गोड आहे, पण ते खरे मानण्याचे कारण नाही. दशावतारात स्त्रीपात्र करणाऱ्या पुरुषाला रात्रभर दाद मिळते. पहाटे चेहऱ्याचा रंग उतरल्यावर तीच मोकळीक त्याच्या घरात मिळते, असे कोणी म्हणणार नाही.

मग वसाहतकालीन कायद्याने नेमके काय केले? जी गोष्ट कुजबुजीच्या, टोमण्यांच्या, फार तर बहिष्काराच्या कक्षेत होती, तिला त्याने सरकारी गुन्हा केले. कलमाच्या शब्दांत संमतीचा उल्लेख नव्हता, त्यामुळे दोन प्रौढांचा राजीखुशीचा संबंध आणि बळजबरी यांत ते भेद करत नव्हते. ‘निसर्गक्रम’ म्हणजे काय, हेही कायद्याने सांगितले नव्हते. १९२५ मध्ये सिंधमधील न्यायालयाने, आणि सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता, संभोगाचा नैसर्गिक हेतू अपत्यधारणेची शक्यता हाच आहे असा अर्थ लावला. म्हणजे घरातील वडीलधारे जे म्हणत होते, तेच आता न्यायाधीश म्हणू लागले, आणि समाजाच्या अढीला सरकारी शिक्का मिळाला.

हा शिक्का खटल्यांमधून फारसा उमटला नाही, हे मात्र नीट समजून घेतले पाहिजे. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये संमतीच्या संबंधांपुरते हे कलम निष्प्रभ केले होते. तो निर्णय ११ डिसेंबर २०१३ रोजी फिरवताना सर्वोच्च न्यायालयाने एक कारण असे दिले की, प्रकाशित निकालांनुसार दीडशेहून अधिक वर्षांत या कलमाखाली दोनशेहून कमी लोकांवर खटले झाले आहेत. एवढ्या थोड्यांसाठी कलम घटनाबाह्य कसे ठरवावे? हा युक्तिवाद माझ्या मते कलमाच्या कामाची रीतच ओळखत नाही. ज्याचा उपयोग मुख्यतः धमकीसाठी होतो, त्याची मोजणी निकालपत्रांत सापडत नाही. समुद्रकिनाऱ्यावर किंवा एसटी स्टँडामागे दोघांना हटकणाऱ्याला आरोपपत्र दाखल करायचे नसते. त्याला खिशातले पैसे, मोबाइल किंवा घड्याळ हवे असते, आणि त्यासाठी दोन वाक्ये पुरतात: पोलिसांत देतो, आणि घरी सांगतो.

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने प्रौढांमधील संमतीचे खाजगी संबंध गुन्ह्यातून वगळले. त्या दिवशी पहिले वाक्य निकामी झाले. दुसऱ्याला मात्र ओरखडाही उठला नाही. न्यायालयाला याची जाण होती, असे दिसते. न्यायमूर्ती नरिमन यांनी आपल्या निकालपत्रात केंद्र सरकारने या निकालाला माध्यमांतून नियमितपणे प्रसिद्धी द्यावी आणि पोलिसांना याबाबत प्रशिक्षण द्यावे, असे निर्देश दिले होते. गणपतीला गावी आलेल्या चाकरमान्याला मात्र आजही ओसरीवर ठरलेला प्रश्न येतो: ‘औंदा तरी लगीन करतलंस मा?’ या प्रश्नात धमकी नाही, मायाच आहे, आणि म्हणूनच त्याला उत्तर देणे अवघड जाते.

कायदा बदलूनही वृत्ती का टिकते, याचे एक उत्तर घराच्या कागदपत्रांत सापडते. समजा, वेंगुर्ले तालुक्यातील एक अविवाहित हिंदू पुरुष मुंबईत नोकरी करतो आणि पंधरा वर्षे एका पुरुषाबरोबर एकत्र संसार करतो. गावी त्या जोडीदाराला सगळे ‘मित्र’ म्हणून ओळखतात. तो चतुर्थीला येतो, आरतीला उभा राहतो, पंगतीला वाढतोही. गावातला एक कलमबाग या पुरुषाने स्वतःच्या कमाईतून घेतला आहे, आणि एके दिवशी त्याचे अचानक निधन होते. हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे त्याची आई हयात असेल तर बाग तिच्याकडे जाईल. ती नसेल तर वडिलांकडे आणि तेही नसतील तर भावाबहिणींकडे. जोडीदार वारसांच्या यादीत कुठेच येत नाही. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला कायद्याने मान्यता देण्यास नकार दिला, त्यामुळे पती किंवा पत्नी म्हणून हक्क सांगण्याची वाटही त्याला नाही.

यावर उपाय आहे, तो मृत्युपत्राचा. दोन साक्षीदारांच्या सह्या असलेले मृत्युपत्र कायद्याने पुरेसे आहे. त्याची नोंदणी सक्तीची नाही, तरी करून ठेवलेली बरी. परंतु मृत्युपत्र आहे म्हणून सातबाऱ्यावर नाव आपोआप चढत नाही. तलाठ्याकडे फेरफाराची नोंद धरली जाते, हितसंबंधितांना नोटीस जाते आणि हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत मिळते. पंधरा वर्षे ‘मित्र’ या एका शब्दाने जे झाकून ठेवले होते, ते या नोटिशीने भावकीच्या हातात पडते. हरकत आली की नोंद तक्रारी नोंदवहीत जाते आणि सुनावणी लागते. तिथे ‘हा मयताचा कोण?’ असा प्रश्न उघडपणे विचारला जातो. मृत्युपत्राच्या लाभार्थ्याचे मयताशी नाते असण्याची कायद्याला गरज नाही. तरीही हरकत बहुधा त्याच मुद्द्यावर येते, आणि मृत्युपत्र दबावाखाली करून घेतले, असा आरोप तिला जोडला जातो. या टप्प्यावर अनेकांना बागेवर पाणी सोडणे सोपे वाटते.

असा जोडीदार माघार घेतो तेव्हा त्याच्यावर कोणत्याही फौजदारी कलमाची सक्ती नसते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर जुन्या ३७७ ची जागाच नाही. त्याला अडवतात त्या सुनावणीच्या खोलीतील नजरा, आणि त्या नजरांना उत्तर देईल असे कोणतेही नाते त्याच्या नावावर कायद्याने अद्याप लिहिलेले नाही. म्हणून असे मृत्युपत्र करून देणारे वकील एक साधी सूचना करतात: जोडीदाराला बाग का देत आहोत, हे मृत्युपत्रात स्वतःच्या शब्दांत लिहा, साक्षीदारांपैकी एक तरी गावातला असू द्या, आणि प्रकृती ठणठणीत असल्याचा डॉक्टरांचा दाखला त्याच तारखेचा जोडा.