एका छायाचित्रावरून पथदिव्याची तक्रार

श्रोतेहो, नमस्कार.

रस्त्यावरचा दिवा बंद आहे, कोणीतरी त्याचे छायाचित्र काढून आपल्याकडे पाठवले आहे, सोबत "एवढी तक्रार करून टाका" इतकेच शब्द आहेत, आणि तो खांब कोणत्या रस्त्यावर उभा आहे याचा मात्र कोठेही उल्लेख नाही. सोसायटीचे सचिव, प्रभागात काम करणारे कार्यकर्ते किंवा घरातले लिहिते हात यांच्याकडे अशी छायाचित्रे सतत येत असतात. त्यावरून नगरपालिकेच्या विद्युत विभागाकडे तक्रार कशी लिहावी, तिच्यात काय लिहिता येते आणि काय लिहू नये, याविषयी मी आज बोलणार आहे.

असेच एक छायाचित्र आपण समोर घेऊ. आपल्याला ते दिसत नाही, म्हणून मी त्याचे वर्णन करतो. रात्रीची वेळ आहे. मध्यभागी एक लोखंडी खांब असून त्याला रस्त्याकडे झुकलेला एकच आडवा हात आहे, आणि त्याच्या टोकाचा दिवा पेटलेला नाही. मागे, बऱ्याच अंतरावर, दुसऱ्या खांबावरचा दिवा चालू आहे. डाव्या बाजूला दगडी कुंपणाची भिंत आणि तिच्यावरून बाहेर आलेली झाडाची फांदी दिसते. खांबावर माणसाच्या डोक्याच्या उंचीला पांढऱ्या रंगाने काही तरी लिहिलेले आहे, पण त्यावर जाहिरातीचा कागद चिकटवलेला असल्यामुळे शेवटचे १७ हे दोनच अंक वाचता येतात. खांबाच्या पायथ्याशी असलेल्या जोडपेटीचे झाकण उघडे आहे आणि आतून वायरचे टोक बाहेर डोकावते आहे.

हे वर्णन मी मुद्दाम इतके सावकाश केले, कारण तक्रारीचा निम्मा मजकूर यातच तयार झाला आहे. त्यातली प्रत्येक गोष्ट डोळ्यांना दिसणारी आहे. याउलट "हा दिवा गेले कित्येक दिवस बंद आहे", "या भागात अंधाराचे साम्राज्य पसरले आहे", "वारंवार सांगूनही दखल घेतली जात नाही" ही वाक्ये हाताला सवयीची असली, तरी त्यांतले एकही या छायाचित्रात नाही. दिवा छायाचित्र काढले त्या क्षणी बंद होता, एवढेच आपल्याला ठाऊक आहे. जुना सोडियम दिवा आयुष्य संपत आल्यावर तापला की विझतो आणि थंड झाला की पुन्हा पेटतो. तशा दिव्याचे विझलेल्या क्षणी काढलेले छायाचित्र आणि कायमच्या बंद दिव्याचे छायाचित्र यांत काहीच फरक दिसत नाही.

मागचा दिवा चालू आहे, ही बाब मात्र आवर्जून लिहावी, कारण दुरुस्तीला येणाऱ्या माणसासाठी ती महत्त्वाची असते. संपूर्ण रांग अंधारात असेल तर दोष बहुधा नियंत्रण पेटीत, तिथल्या टायमरमध्ये किंवा मुख्य केबलमध्ये असतो आणि खांबावर चढून उपयोग नसतो. एकच दिवा बंद असेल तर दोष त्या खांबातच, म्हणजे दिव्यात, त्याला योग्य वीज पुरवणाऱ्या ड्रायव्हर नावाच्या भागात, फ्यूजमध्ये किंवा जोडणीत शोधावा लागतो. येथे आणखी एक बारकावा आहे. पुष्कळ ठिकाणी खांबांना आळीपाळीने तीन फेजवरून वीज दिलेली असते. तिथे एक फेज गेला की दर तिसरा दिवा बंद पडतो आणि मधले दोन व्यवस्थित चालू राहतात. आपल्या छायाचित्रात जेमतेम दोनच खांब आहेत, त्यामुळे दोष एका खांबाचा आहे की एका फेजचा, हे त्यावरून सांगता येणार नाही. म्हणून "फक्त हाच दिवा बंद आहे" असे न लिहिता "मागील खांबावरील दिवा चालू दिसतो, रांगेतील इतर दिव्यांची स्थिती छायाचित्रात दिसत नाही" असे लिहावे. वाक्य थोडे लांबते, पण ते खरे असते आणि वाचणाऱ्याला दोन्ही शक्यता लक्षात घेऊन तयारीनिशी येता येते.

आता ठिकाणाकडे वळू. मोबाईलच्या कॅमेऱ्याला स्थान वापरण्याची परवानगी दिलेली असेल, तर मूळ छायाचित्राच्या फाईलमध्ये अक्षांश-रेखांश नोंदलेले असतात, आणि छायाचित्राचा तपशील उघडला की ते किंवा त्यांचा नकाशा दिसतो. पण व्हॉट्सॲपवरून साध्या छायाचित्राच्या रूपात ते पाठवले की फाईल लहान केली जाते आणि ही नोंद निघून जाते. स्क्रीनशॉट काढून पाठवला असेल तर मूळ नोंद त्यात आलेलीच नसते. आपल्या छायाचित्राच्या फाईलचे नाव IMG ने सुरू होते, पुढे तारीख आहे आणि शेवटी WA ही अक्षरे व एक क्रमांक आहे. या नावातली तारीख पाहून अनेक जण "अमुक तारखेपासून दिवा बंद" असे लिहून मोकळे होतात. ती तारीख त्या ॲपमधल्या देवाणघेवाणीची असते. छायाचित्र त्याआधी कितीही दिवस काढलेले असू शकते, म्हणून तिच्यावरून काहीच ठरवू नये.

मग भिंत, फांदी आणि खांबाचा आकार पाहून जागा ओळखायची का? "ही तर शाळेमागची गल्ली वाटते" असा मोह होतो, आणि सगळ्यांत मोठे नुकसान इथेच होते, असे माझे स्पष्ट मत आहे. एका विभागातले खांब बहुधा एकाच नमुन्याचे असतात आणि दगडी कुंपणेही पुष्कळ असतात. अंदाजाने लिहिलेला पत्ता कागदावर खऱ्या पत्त्याइतकाच ठाम दिसतो. दुरुस्तीचे पथक शिडीची गाडी घेऊन त्या गल्लीत जाते, तिथले सगळे दिवे चालू असतात, "पाहणी केली, दिवा सुरू आहे" असा शेरा पडतो आणि तक्रार निकाली निघते. खरा खांब अंधारातच राहतो. पत्ता नसलेली तक्रार निदान "ठिकाण कळवावे" असे म्हणून परत तरी येते. चुकीच्या पत्त्याची तक्रार कागदोपत्री पूर्ण होते.

तेव्हा ज्याने छायाचित्र पाठवले त्यालाच विचारावे, आणि त्याने ते दुसऱ्याकडून पुढे ढकललेले असेल तर मूळ काढणाऱ्यापर्यंत जावे. आपल्या उदाहरणात हे काम लगेच करायला हवे, कारण पायथ्याची उघडी जोडपेटी हा विजेच्या धक्क्याचा धोका आहे. संदेश टाकून उत्तराची वाट पाहत बसू नये, फोन करावा. पहिला प्रश्न रस्त्याचे नाव आणि जवळच्या ठळक खुणेचा. दुसरा प्रश्न त्या खुणेपासून खांब कोणत्या दिशेला, कितवा आणि रस्त्याच्या कोणत्या बाजूला आहे याचा. तिसरी विनंती अशी की मूळ छायाचित्र "डॉक्युमेंट" म्हणून पाठवावे, कारण तसे पाठवल्यास फाईल जशीच्या तशी येते आणि स्थानाची नोंद असेल तर तीही टिकते. उजेडी तिथून जाणे होणार असेल, तर खांबावरचा पूर्ण क्रमांक दुरूनच टिपून घ्यायला सांगावे. कागद फाडायला किंवा पेटीचे झाकण लावायला मात्र कोणीही खांबाजवळ जाऊ नये. दिवसाच्या छायाचित्रात क्रमांक नीट वाचता येतो, रात्रीच्या छायाचित्रात दिवा बंद असल्याचे दिसते. दोन्ही जोडता आली तर फार चांगले.

"लोकेशन पाठवा" एवढेच म्हटले, तर समोरचा माणूस पुष्कळदा घरी बसून स्वतःच्या घराचेच स्थान पाठवतो. अक्षांश-रेखांश योग्य मिळाले तरीही ते छायाचित्र काढणारा जिथे उभा होता तिथले असतात, खांबाचे नव्हेत. मोकळ्या आकाशाखाली मोबाईलचे स्थान सुमारे ५ मीटर इकडे-तिकडे होते, आणि उंच इमारतींमध्ये ही चूक आणखी वाढते. दोन खांबांमधले अंतर अनेक ठिकाणी २५ ते ३० मीटर असते. म्हणजे पथक रस्त्याच्या योग्य तुकड्यावर पोहोचेल, पण समोरासमोरच्या दोन खांबांपैकी नेमका कोणता, हे रात्री दिवे लागल्याशिवाय त्याला कळणार नाही; आणि पथक तर सहसा दिवसा येते, जेव्हा सगळेच दिवे बंद असतात. म्हणून खांब क्रमांक आणि रस्त्याची बाजू या दोन गोष्टींना नकाशावरच्या खुणेपेक्षा अधिक मोल आहे.

आपल्या छायाचित्रावरची तक्रार मी अशी लिहीन. विषय: पथदिवा बंद असणे व खांबाची जोडपेटी उघडी असणे याबाबत. "महोदय, सोबत जोडलेल्या रात्रीच्या छायाचित्रात एका हाताच्या लोखंडी खांबावरील दिवा बंद दिसत आहे. खांबाच्या पायथ्याची जोडपेटी उघडी असून वायरचे टोक बाहेर आलेले आहे. त्यामुळे ये-जा करणाऱ्यांना विजेचा धक्का बसण्याचा धोका असल्याने ही बाब प्रथम हाताळावी, ही विनंती. मागील खांबावरील दिवा चालू दिसतो. रांगेतील इतर दिव्यांची स्थिती छायाचित्रात दिसत नाही. खांब क्रमांकाचे शेवटचे दोन अंक १७ असे वाचता येतात, आधीचे अंक झाकलेले आहेत. ठिकाण:" आणि येथे मी जागा रिकामी सोडीन. रस्ता, खूण, दिशा, बाजू आणि छायाचित्र काढल्याची तारीख-वेळ या पाच गोष्टी फोनवरून कळतील तशा तिथे भरल्या जातील.

मूळ व्यक्ती लागलीच सापडली नाही, तर उघड्या पेटीच्या धोक्यामुळे तक्रार अडवून ठेवू नये. अशा वेळी रिकाम्या जागेत "ठिकाण निश्चित झालेले नाही, मिळताच कळवितो" असे सरळ लिहावे आणि खात्रीने माहीत असेल तर प्रभागाचे नाव द्यावे. क्रमांकाचे शेवटचे दोन अंकही अशा वेळी उपयोगी पडतात, कारण विभागाकडे खांबांची नोंदवही असेल तर १७ ने संपणारे त्या प्रभागातले खांब निवडून पाहता येतात.

तक्रार नोंदवताना संपर्कासाठी स्वतःचा क्रमांक देण्याची पद्धत आहे, पण वायरमनने रस्त्यावरून फोन करून "साहेब, नक्की कुठला खांब?" असे विचारले, तर छायाचित्र केवळ पाहिलेल्या माणसाला त्याचे उत्तर देता येत नाही. म्हणून ज्याने तो खांब प्रत्यक्ष पाहिला आहे, त्याच्या परवानगीने त्याचा क्रमांकही तक्रारीत द्यावा. मिळालेला तक्रार क्रमांक त्याला लगेच कळवावा, आणि दिवा लागल्याची व पेटी बंद झाल्याची खातरजमा त्यानेच दुरून पाहून करेपर्यंत "निकाली" या शेऱ्याला आपली संमती देऊ नये.